काठ बघा

आमच्या विणकर संघाच्या साड्यांना नाव हवं होतं. सचिवांनी फळ्यावर ‘वारसा’, ‘परंपरा’ लिहिलं, तशी मावशी मागावरूनच कडाडली, “हे तर यंत्राच्या साडीवरही छापतात!” बाईची जीभ तिखट, पण हाताला तोड नाही. तिने विणलेला काठ उजेडात धरला. कापड ताणून धरणारी काठी ती दर चार बोटांवर हाताने पुढे सरकवते, म्हणून काठीच्या टोकांवरच्या खिळ्यांची भोकं काठाला टप्प्याटप्प्याने पडतात. यंत्रावर ती सलग रांगेत येतात.

“नाव द्या ‘काठ बघा’. गिऱ्हाईक स्वतःच ओळखेल.”

सचिवांनी फळा पुसला.

गिऱ्हाईक खोट काढतं म्हणून मावशी तीस वर्षं ती भोकं नखाने घासून बुजवत आली होती. त्या दिवशी तिने साडीची तशीच घडी घातली.