यतीनचं अर्धशतक

लक्ष्मीबाई नगरातल्या सामन्यांचे स्कोअरर अंबादास काळदाते म्हणजे ऑफिसात गरीब गाय, वहीसमोर मात्र वाघ. चौऱ्याण्णव साली त्यांचा होणारा जावई यतीन एकोणपन्नासवर होता. शेवटचा चेंडू पॅडला लागला, एक धाव निघाली, अंपायरने उचललेल्या गुडघ्याला हात लावला. अंबादासांनी यतीनच्या रांगेत टिंब आणि गोलंदाजाच्या चौकटीत उलटा त्रिकोण काढला. धाव लेगबाय म्हणून अवांतरात गेली, यतीनच्या खात्यात नाही.

“बाबा, माझ्या नावावर लिहा ना यार!”

“बॅटला लागला नाही, जावईबापू.”

यतीनने बॅटच हाणली. दोन दात वहीवर पडले, पान रक्ताने भिजलं. दुसऱ्या फटक्याने उजवी बोटं मोडली. अंबादासांनी डाव्या हाताने फलंदाजांच्या धावा आणि अवांतर जुळवून एकशे बारा लिहिले.

त्यांच्या मुलीने, प्रणिताने, साखरपुड्याची अंगठी यतीनच्या तोंडावर फेकली. “एकोणपन्नासवरच मर!”

आम्हा नगरवाल्यांचं लग्नाचं जेवण मात्र हुकलं.