सहाव्या पाकळीची जागा

प्रा. शैलजा पाटकर बाईंशी माझी पहिली ओळख त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं तेव्हा झाली. गणितातल्या बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. मी वहीत रांगोळ्या काढत होते. ‘बाहेर बसून काढा, उजेड बरा आहे,’ एवढंच त्या म्हणाल्या. बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे नको, असं संपादकांनी सुचवलं होतं. पण बाईंना गोड चालत नाही. आता तर डॉक्टरांनीही बंद केलं आहे.

त्यांना ठाऊक नव्हतं की महिन्यापूर्वीच माझी आई गेली होती. निर्मळ गावी आमच्या उंबऱ्यापुढे ती रोज सहा पाकळ्यांचं कमळ काढी. त्या सकाळी पाच पाकळ्या झाल्या आणि सहावी काढताना ती तिथेच कोसळली. वर्षभर दारात रांगोळी नाही, म्हणून मी वहीत काढत होते.

कळल्यावर बाई रविवारी रिक्षाने भेटायला आल्या. रीतीप्रमाणे ‘झालं ते वाईट झालं’ म्हणाल्या आणि वही मागितली. सांत्वनाला आलेली माणसं सहसा चहा मागतात. पूर्ण कमळाच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे उचलून पुन्हा इथेच ठेवलं आणि कोणाला कळलंही नाही, असं किती प्रकारे करता येईल?’

मी म्हटलं, सहा. एकेक घर फिरवायचं.

‘पालथं घालून?’

पालथं घालायचे आणखी सहा प्रकार निघाले: तीन आस समोरासमोरच्या पाकळ्यांतून, तीन दोन पाकळ्यांमधल्या फटींतून. एकूण बारा. त्यात काहीच न करणं हाही एक प्रकार धरायचा, हे ऐकून ओसरीवर बसलेल्या वडिलांना बरं वाटलं असावं. एकामागून एक कोणतेही दोन प्रकार केले, तरी उत्तर त्या बारांतलंच येतं, आणि प्रत्येकाला उलटवणारा प्रकारही त्यांच्यातच असतो. ‘याला डायहेड्रल ग्रुप म्हणतात,’ बाई म्हणाल्या. ‘पुढच्या सत्रात शिकवणार होते. तू आधीच येऊन बसलीस.’

त्यांनी बारा गुणिले बाराचा तक्ता भरायला दिला. मी हुशारी केली. अर्धा भरला आणि उरलेला कर्णाच्या पलीकडे उतरवून काढला, क्रमाने काय फरक पडतो म्हणून. बाईंनी तो परत केला, सोबत पुठ्ठ्याचं कमळ आणि एक चिठ्ठी: ‘हाताने करून बघ.’

जानेवारीत माझं लग्न ठरलं. आई गेली की वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वर्ष संपायला ऑगस्ट उजाडणार होता, परीक्षा एप्रिलात होती, मेमध्ये मुहूर्त होते. पण मुलाकडच्यांना फेब्रुवारी हवा होता. बाई पुन्हा आल्या. एमएस्सीसाठी त्यांनी माझ्याबद्दल पुढे शब्द टाकला होता.

वडील म्हणाले, परीक्षा लग्नानंतरही देता येते, तेच की.

बाईंनी कमळ जमिनीवर ठेवलं, भोवती खडूने घड्याळाच्या दिशेने एक ते सहा जागा लिहिल्या. पहिली पाकळी वरच्या, एकच्या जागेवर. ‘आधी एक घर उजवीकडे फिरवते, मग उभ्या आसावर पालथं घालते. पहिली पाकळी कुठे गेली?’

‘सहावर,’ वडील म्हणाले.

‘आता आधी पालथं, मग एक घर उजवीकडे.’

‘दोनावर.’

‘गोष्टी त्याच दोन. क्रम बदलला. आधी परीक्षा मग लग्न, आणि आधी लग्न मग परीक्षा, हे तेच नव्हे, भाऊ.’

वडिलांनी कमळ स्वतः एकदा फिरवून, पालथं घालून पाहिलं. ते समजले होते, हेच वाईट. मग म्हणाले, ‘पुठ्ठा थांबतो, बाई. स्थळ थांबत नाही.’

फेब्रुवारीत लग्न झालं. एप्रिलात सासूबाई आजारी पडल्या, पुढच्या एप्रिलात मी बाळंत होते. तिसऱ्या वर्षी पास झाले. त्यासाठी बाईंनी आपल्या माणिकपूरच्या घरी दर रविवारी शिकवलं, आणि मी गणितं सोडवताना माझी मुलगी मांडीवर घेतली. एमएस्सी राहिलं ते राहिलंच. पाकळी दोनावर गेली होती. आता मी लोकांना टोचणारे लेख लिहिते. त्याला प्रवेश लागत नाही.

एकदा मी बाईंना आईची ती शेवटची रांगोळी काढून दाखवली, पाच पाकळ्यांची. म्हटलं, यात काहीच उरलं नाही.

‘दोन उरतात,’ बाई म्हणाल्या. ‘काही न करणं, आणि रिकाम्या जागेतून जाणाऱ्या आसावर पालथं घालणं. ती जागा सहा ठिकाणी असू शकली असती. सहा दुणे बारा. गेलेली पाकळी हिशेबातून जात नाही.’

मी विचारलं, प्रत्येक प्रकार उलटवता येतो ना?

‘कमळाचा,’ त्या म्हणाल्या. खोटं सांगण्याची एवढी चांगली संधी त्यांनी घेतली नाही. माझ्या लेखी बाईंचा सगळ्यात मोठा गुण हा.

पंचाहत्तरीच्या समारंभाच्या दारात रांगोळी मी काढावी, असा बाईंचा निरोप आहे. पाच पाकळ्या काढीन. सहावीच्या जागी बाईंनी उभं राहावं, आणि गुडघ्यांनी साथ द्यावी, नजर शाबूत राहावी, पुढची पुष्कळ वर्षं त्यांनी कुणाकुणाला वर्गाबाहेर काढावं, एवढंच मागणं आहे.