तळ्याच्या रस्त्याची ओळ

निवृत्तीआधी मी खोपटच्या बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचे. वेळापत्रकाचा फळा माझ्याकडेच होता. त्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले. माणूस फळा वाचत नाही, त्यावर आपलं गाव शोधतो. सापडलं की वेळ बघतो आणि निघतो. बाकीचं तुम्ही सोन्याच्या अक्षरांत लिहा, तो बघणार नाही. म्हणून फळ्यावर गाव आधी लिहायचं, ठळक, आणि एका ओळीत एकच.

ही अक्कल मी बाळकुममधल्या आमच्या उत्सव समितीला फुकट दिली. त्याचा पश्चात्ताप मला आजही आहे.

यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते नऊ. ठाण्यातल्या ज्या सेंटरला आम्ही जातो तिथे एकेका मशीनवर पाठोपाठ पेशंट असतात. नऊला पुढचा माणूस दारात उभा असतो, त्यामुळे तुम्ही उशिरा पोचलात तर तुमचाच वेळ कापला जातो. दुसऱ्याचा कापून तुम्हाला देणार तरी कसा? आणि वेळ कापला की अंगातलं पाणी अंगातच राहतं. म्हणून आमच्या घरात पाच म्हणजे पाच.

देवीची पालखी यंदा गुरुवारी आली. समितीची सूचना सोसायटीच्या ग्रुपवर पडली तेव्हा मी चष्मा पुसून दोनदा वाचली. वरच्या अर्ध्या भागात शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो. खाली, "समस्त भाविक भक्त, ग्रामस्थ व सोसायटीधारक बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" अशी सुरुवात, आणि मग पूर्णविराम थेट पानाच्या तळाशी. मधे कुठेतरी पोलिसांच्या वाहतूक शाखेच्या अधिसूचनेतला मजकूर होता, कुठेतरी प्रमुख पाहुणे, कुठेतरी महाप्रसाद. कुठला रस्ता किती वाजता बंद हे शोधायचं म्हणजे खिचडीतून जिरे वेचायचे.

मला राग आला. राग मला लवकर येतो, यजमान म्हणतात तो माझा एकमेव नियमित व्यायाम आहे. मी समितीच्या सेक्रेटरीला फोन लावला. चाळिशीचा माणूस, मंडप-डेकोरेशनचा धंदा, मला काकू म्हणतो.

"अरे, ही सूचना आहे की लग्नपत्रिका? माणसाने यातून रस्ता कसा शोधायचा?"

"काकू, टाइमच नव्हता ओ. अर्धा मॅटर मी टाकलेला, अर्धा खजिनदाराने. तुम्ही करून द्या ना. तुमचा तो डेपोचा एक्सपिरियन्स आहे."

मी करून दिली. दुपारभर बसले. सगळ्यात वर वार आणि तारीख, मोठ्या अक्षरांत. खाली तीन रकाने: कुठला रस्ता बंद, किती ते किती, त्याऐवजी कुठून जायचं. एका ओळीत एकच रस्ता, आणि तो लोक ज्या नावाने ओळखतात त्या नावाने. अधिसूचनेत रस्त्याला भलंमोठं नाव होतं, आम्ही सगळे त्याला देवळाचा रस्ता म्हणतो. कुठून कुठपर्यंत बंद, तेही लिहिलं, नाक्यापासून देवळापर्यंत. शेवटी एक वाक्य: रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस गाड्यांना बंदी नाही. पाहुणे आणि आनंद मी वेगळ्या कागदासाठी ठेवून दिले.

तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला लिफ्टपाशी अडवून विचारलं, "नाक्यावर जायचंय, सांगा कसे जाल?" त्याने कागदावर बोट ठेवलं आणि सांगितलंसुद्धा. "मस्त आहे मॅडम, एकदम क्लियर." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कागद क्लियर झाला आणि त्यातच घोळ दिसला. देवळाचा रस्ता दुपारी तीन ते रात्री अकरा बंद, पर्यायी मार्ग तळ्याचा रस्ता. हे वाहतूक शाखेचं. दोन ओळी खाली तळ्याचा रस्ता, संध्याकाळी चार ते नऊ बंद. हे खजिनदाराच्या मजकुरातलं, महाप्रसादाच्या मंडपासाठी. मूळ सूचनेत या दोन गोष्टींमध्ये इतके सन्माननीय आणि आदरणीय बसले होते की त्यांची गाठच पडत नव्हती. आमच्या गल्लीला दोन तोंडं. एक देवळाच्या रस्त्यावर उघडतं, दुसरं तळ्याच्या. म्हणजे चार ते नऊ आम्ही कोंडलेले. तळ्याच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात काय लिहावं मला सुचेना, तेव्हा जे खरं होतं ते लिहिलं: पर्यायी मार्ग नाही.

सेक्रेटरीचा लगेच फोन. "काकू, भारी झालंय. पण ते 'नाही' काय लिहिलंत? पब्लिकमध्ये खराब दिसतं ना."

"दिसायचं काय त्यात? आहेच नाही. मंडप मैदानात घाला, मग मी तिथे मार्ग लिहिते. गुरुवारी माझ्या नवऱ्याचं डायलिसिस असतं, तुला माहीत आहे. रिक्षाने नेते मी, रुग्णवाहिकेने नाही. आम्हाला कोण सोडणार?"

"अहो, तुमच्यासाठी नाही करणार तर कोणासाठी? बघतो मी. टेन्शन नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: काकू, तुमचं काम झालं, छापायला टाकलं. संध्याकाळी गेटवर कागद लागला. फोटो परत आले होते, पण रकाने माझेच होते. मी तळ्याच्या रस्त्याची ओळ शोधली. नव्हती. पहिल्या ओळीत पर्यायी मार्ग तळ्याचा रस्ता, आणि तो बंद असल्याचा कुठे उल्लेख नाही. याचा अर्थ एकच होता, मंडप मैदानात गेला. मी घरी येऊन यजमानांना म्हटलंसुद्धा, "बघा, नीट लिहिलं की लोक ऐकतात." ते हसले. "तुझ्या फळ्याला यश आलं गं," म्हणाले.

गुरुवारी चारनंतर रिक्षा बोलावली. डबा, फाईल, पाठीला उशी, सगळं नेहमीसारखं. गल्लीतून तळ्याच्या तोंडाशी आलो आणि रिक्षा थांबली. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मंडप. बांबू डांबरात रोवलेले, आत पंगती बसलेल्या, बाहेर रांग. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक हात आडवा करून उभा.

"रस्ता बंद आहे."

"कसा बंद? हे बघा." मी पर्समधून तो कागद काढला. त्याने वाचला. वाचायला वेळ लागला नाही, तसा तो लिहिलेलाच होता.

"यात नाहीये खरं. पण बंद आहे ना, दिसतंय तुम्हाला."

मागे हॉर्न सुरू झाले. वळून बघितलं तर आमच्या गल्लीतल्या गाड्यांची रांग, आणि रिक्षाच्या मागेच तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी. काच खाली करून ओरडत होता, "मॅडम, काय झालं? नोटिशीत तर आपला रस्ता ओपन आहे!" एरवी या गल्लीतले लोक अशा दिवशी चार ठिकाणी फोन करून निघतात, किंवा निघतच नाहीत. या वेळी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. कागदावर आपला रस्ता शोधला, बंद यादीत सापडला नाही, आणि गाडी काढली. मी त्यांना शिकवलं होतं तसंच.

आता पुढे जाता येईना आणि मागेही. यजमानांनी फक्त घड्याळ बघितलं आणि हात परत मांडीवर ठेवला. ते बघून माझा तोल गेला. मी खाली उतरून मंडपात शिरले. सेक्रेटरी पांढरा कुर्ता घालून बुंदी वाढणाऱ्यांना सूचना देत होता.

"काय रे, माझं काम झालं म्हणालास ना?"

"झालं ना काकू. ती ओळ काढून टाकली ना. तुम्हालाच खटकत होती."

"ओळ नाही, मंडप! मंडप काढ म्हणाले होते मी!"

"आता मंडप कसा काढणार ओ, बुकिंग आधीचं." मग त्याला मागची रिक्षा दिसली. "अरेरे, काका बसलेत का आत? अहो मग आधी सांगायचं ना, पेशंट आहे म्हणून!"

हे वाक्य मी त्याला कधीही माफ करणार नाही.

त्याने वाट करून दिली, मोठ्या उदारपणाने, माणसांना बाजूला सारत. डोळ्यांसमोर पंगतीतले लोक पत्रावळी आवरून पाय दुमडत होते आणि त्यांच्यामधून माझा नवरा चालत होता. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा, डायलिसिसच्या सुया टोचायची फिस्टुलाची शीर असलेला, कुणाचा धक्का बसू नये म्हणून पोटाशी धरलेला. एका बाईने भक्तिभावाने त्यांच्यापुढे द्रोण केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, त्यांना पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. नाक्यापर्यंत तसेच चालत गेलो. तिथून रिक्षा मिळायला आणखी वेळ गेला.

सेंटरला पोचलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. तंत्रज्ञ मुलगी भली होती, तिने रागावण्याऐवजी लगेच सुया लावल्या. पण नऊला पुढचा पेशंट होता आणि तो वेळेवर आला होता. शनिवारपर्यंत यजमानांच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा राहत होता. दोन रात्री त्यांनी खुर्चीत बसून काढल्या, आडवं झालं की दम लागायचा. मी समोर बसून त्या सेक्रेटरीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. बाकी करण्यासारखं काही नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सूचनेचं कौतुक चाललं होतं. इतकी सुटसुटीत नोटीस पहिल्यांदाच पाहिली, कोणी केली, दरवेळी अशीच काढा. कोंडी झाली त्याचं खापर सगळ्यांनी पालिकेवर फोडलं. मी लिहिलं, की त्यातून एक ओळ काढली होती. त्यावर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय दुसरीकडे गेला.

गणपतीच्या आधी सेक्रेटरी घरी आला. विसर्जनाच्या मार्गाचा मजकूर घेऊन. "काकू, तुमच्या पद्धतीने करून द्या. कल्याणच्या एका मंडळानेपण आपला फॉरमॅट मागितलाय."

"देते," मी म्हटलं. "आधी सांग, यात कुठला रस्ता लिहिलेला नाही?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. आतल्या खोलीतून यजमान म्हणाले, "अगं, चहा तरी विचार त्याला." मी चहा विचारला नाही आणि मजकूरही घेतला नाही. समितीने तो दुसऱ्याकडून माझ्याच रकान्यांत बसवून घेतला. गेटवर लागला आहे, छान दिसतो.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार मी दुपारी चप्पल घालून गल्लीच्या दोन्ही तोंडांपर्यंत जाऊन येते. रस्ता डोळ्यांनी बघते, मग रिक्षा बोलावते. गेटवरून जाता-येता तो कागद दिसतो. मी तो वाचत नाही.