चंद्र किती वाजता उगवतो?

विष्णु सर मला पहिल्यांदा भेटले ते पेणच्या एसटी स्टँडवर. मी फक्त पोस्ट कुठे आहे, एवढंच विचारलं होतं. सरांनी माझीच चौकशी सुरू केली. ती माझ्या पणजोबांपर्यंत पोचेतो पोस्ट बंद झालं, पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि रोह्याची शेवटची एसटी चुकवून मी सरांच्याच घरी जेवायला बसलो. वाढताना श्यामलावहिनी म्हणाल्या, "घाबरू नका, लग्नाआधी मलासुद्धा हेच सगळं विचारलं होतं."

अशा माणसाच्या बायकोने सत्तरीत हट्ट धरला, तो ब्रह्मपुत्रेवरच्या क्रूझचा. दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. म्हणून दोघांनी मिळून कंपनीला मेल लिहिला: खोली जेवणघराच्याच मजल्यावर हवी, इंजिनाजवळ नको, बाथरूममध्ये धरायला दांडी हवी, जेवणात कांदा-लसूण नको आणि तिसऱ्या दिवशी संकष्टी आहे. शेवटी सरांनी आपली भर घातली: "ओहोटीला चढायची फळी किती उभी होते?" धरमतरच्या जेटीवर त्यांनी बार्जच्या फळ्या पाहिल्या होत्या.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तिथे भरती-ओहोटी नाही. फळीला दोन्ही बाजूंनी कठडा आहे आणि दोन माणसं हात धरतील. चार नंबरची खोली जेवणघराला लागूनच आहे, दांडी बसवून देऊ. शुक्रवारपर्यंत राखून ठेवतो. संकष्टीला चंद्र सातच्या सुमारास उगवेल, साडेसातच्या जेवणात उपास सुटेल.

"सात?" सरांनी पंचांग आपटलं. "साडेआठ! चंद्राबद्दल खोटं बोलणारा माणूस कठड्याबद्दल खरं बोलेल?"

"अहो, स्वयंपाकी लवकर झोपत असेल," वहिनी म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी! आपल्या झोपेसाठी चंद्राला दीड तास आधी उगवायला लावतात ही माणसं!"

"मग मी साडेआठपर्यंत उपाशी राहीन. पण जाऊ या हो."

सरांनी ऐकलं नाही. चंद्राचा पुरावा मागणारे तीन मेल गेले. तिन्हींना तेच उत्तर आलं: सातच्या सुमारास. एकच उत्तर तीनदा आलं म्हटल्यावर सरांचा संशय पक्का झाला. पाठ केलंय लेकाने!

शनिवारी दोघं रोह्याला आमच्याकडे आले. माझी मुलगी स्पृहा भूगोल शिकवते. तिने ऐकलं आणि हसतच सुटली. "काका, तुमचं पंचांग इकडच्या वेळांचं. आसाम केवढं पूर्वेला! तिथे सूर्यही आपल्याआधी उगवतो, मग चंद्र काय पेणची वाट बघेल?"

वहिनींनी सरांच्या खिशातला फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "लिहा. आत्ता लिहा."

सरांनी लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. मुदत काल संपली होती, चार नंबर सकाळी गेली. वरच्या मजल्यावर एक शिल्लक होती. अठरा पायऱ्या.

त्या संकष्टीचा उपास वहिनींनी पेणलाच सोडला. साडेआठ वाजता.