बाई पाणी पीत होत्या तेवढं

गेल्या वर्षी माझ्या गाण्याच्या क्लासला एक नवी मुलगी आली. तिच्या आईनं दारात चपला काढता काढताच विचारलं, "म्याडम, तुमचं गाणं कुठं ऐकाय मिळंल? न्हाय, पोरीला लावायच्या आधी बगावं म्हटलं."

प्रश्न रास्त होता. वांगंसुद्धा आपण दाबून बघून घेतो. पण माझ्याकडे ऐकवण्यासारखं काही नव्हतं. थायरॉइडच्या ऑपरेशनात गळ्याची एक नस दुखावली, तेव्हापासून मध्यमाच्या वर माझा आवाज फाटतो. मी पेटी वाजवून शिकवते आणि वरचे सूर मुलांना पेटीवरच दाखवते. त्याआधीचा माझा आवाज मी कुठं भरून ठेवलेला नाही. ठेवणार कधी? माझी सगळी उमेदीची वर्षं बाईंच्या मागे बसण्यात गेली.

बाई म्हणजे माझ्या गुरू. त्यांच्या प्रत्येक मैफिलीत मी मागे तंबोरा घेऊन बसायची आणि त्यांच्या सुरात सूर मिसळायची. याला स्वरसाथ म्हणतात. तिचा नियम बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: "तू ऐकू येता कामा नयेस, पण तू नसलीस तर कळलं पाहिजे." हे वाक्य मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. मी ते मैत्रिणींना सांगत सुटले होते.

मुलीच्या आईला म्हटलं, बघते, देते काहीतरी. खरं म्हणजे मलाच ते ऐकायचं होतं. आपण खरंच गात होतो की नाही, ही शंका वय झाल्यावर फार वाईट पद्धतीनं येते.

बाईंच्या मैफिली ध्वनिमुद्रित करायला शिवाजी पेठेतला एक स्टुडिओवाला यायचा. एक माइक बाईंसमोर, एक माझ्या तंबोऱ्याला, बाकीचे तबल्याला आणि पेटीला. बाई मधोमध ऐकू येणार, तंबोरा डाव्या कानाकडे, तबला-पेटी उजवीकडे, अशी त्याची मांडणी ठरलेली. म्हणजे तंबोऱ्याच्या माइकमध्ये माझा आवाज गेलेलाच असणार. हा विचार मला रात्रभर झोपू देईना. सकाळी पोळ्यासुद्धा न लाटता मी त्याच्याकडे गेले.

त्याचा स्टुडिओ एका तालमीच्या वरच्या मजल्यावर आहे. फुटबॉलचा हंगाम असला की खाली पोरं एवढा कालवा करतात की हा दुपारचं रेकॉर्डिंगच घेत नाही. मी काय हवं ते सांगितल्यावर तो खुशीत आला.

"सोपं हाय की ताई. बाई मधी हायत, म्हंजे डावीकडं बी तेवढ्याच आनि उजवीकडं बी तेवढ्याच. डाव्यातनं उजवं वजा केलं की बाई गेल्या. मागं काय ऱ्हातंय? तंबोरा, तबला, पेटी आनि तुमी. मग तबला-पेटी दाबत बसू."

मी हसले. बाईंना वजा करायचं हे ऐकूनच मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मूळ फायली त्याच्याकडे नव्हत्या. त्या बाईंच्या मुलाकडे गेल्या होत्या आणि मुलानं त्या सगळ्या एमपीथ्री करून एका छोट्या डिस्कवर आणल्या होत्या. डिस्कची एक प्रत स्टुडिओवाल्याकडे होती. तीच लावली. मी ज्या मैफिलीत सगळ्यात जास्त गायले होते, ती निवडली. त्यानं वजाबाकी केली, हेडफोन मला दिला आणि बटण दाबलं.

बाई गेल्या, अगदी नाही पण बऱ्यापैकी. आणि त्यांच्या जागी पाण्यात बुडबुडे काढावेत तसा आवाज येऊ लागला. तंबोरा मधूनच उमटायचा, मधूनच गिळला जायचा. माझ्या आवाजाच्या जागी चिंध्या. एखाद्या स्वराचं शेपूट, कुठं श्वास, कुठं नुसतीच खरखर. मी डोळे मिटून नीट ऐकलं. बाईंच्या सुराला मी जिथं जिथं नेमकी चिकटले होते, तिथं मी नव्हतेच. जिथं किंचित मागे पडले होते, जिथं हरकत चुकली होती आणि नंतर बाईंची बोलणी खाल्ली होती, तिथं माझा एखादा तुकडा शिल्लक होता.

"हे काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, म्हणजे फाटला होता.

त्यानं हेडफोन लावून ऐकलं आणि मान हलवली. "ही एमपीथ्रीची करामत. लई दाबून केलेली फाईल हाय. ताई, गणपतीच्या मिरवणुकीत साउंडच्या भिंतीपुढं तुमी मला हाक मारली, तर मला ऐकू यील काय?"

"नाही."

"मग ती हाक लिवून ठेवायची कशाला? हा हिशेब हाय त्यात. आवाजाचं बारीक बारीक पट्टं करायचं. दर क्षनाला बघायचं, कुठल्या पट्ट्यात मोठा सूर हाय. त्या सुराच्या जवळचं, त्याच पट्ट्यातलं बारीक काय असंल, ते मानसाच्या कानाला कळतच न्हाय. मग ते ठोकळमानानं लिवायचं, न्हायतर पुसायचं. अशी जागा वाचती."

"आणि हे बुडबुडे?"

"ठोकळमानानं लिवलं की चुका ऱ्हात्यात. त्या चुका मोठ्या सुराच्या पोटात झाकलेल्या असत्यात. आपन सूरच काढून घेतला, आता चुका उघड्या पडल्या."

खाली पोरं चेंडू भिंतीवर मारत होती. मला एकदम लख्ख कळलं की मी सूर जेवढा बिनचूक लावला, बाईंच्या आवाजाच्या जेवढ्या जवळ गेले, तेवढी मी पुसायला सोपी झाले. बेसूर शिष्या असते तर आज वेगळी ऐकू आले असते. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीनं बाईंच्या शाबासकीसाठी जीव टाकून केलेली मेहनत, आणि तिचं फळ हे!

मी तिथूनच बाईंच्या मुलाला पुण्याला फोन लावला. मूळ फायली कुठं आहेत, विचारलं.

"अगं, त्या कधीच उडवल्या. डिस्क भरल्या होत्या सगळ्या. आणि आईला ऐकवूनच उडवल्या की! तू होतीस ना त्या दिवशी?"

होते ना. बाईंच्या बाहेरच्या खोलीत होते. मुलानं लॅपटॉप आणला होता, हेडफोन दोनच होते, एक त्याला आणि एक बाईंना. तो एकदा मूळ फाईल लावायचा, एकदा दाबलेली, आणि कुठली कुठली ते सांगायचा नाही. बाई अगदी मन लावून ऐकत होत्या. मी शेजारी तंबोऱ्याला गवसणी घालत होते. पुन्हा पुन्हा ऐकून बाईंनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "काही फरक नाही. दोन्ही एकच."

"कुठली मैफल लावली होतीस?" मी फोनवर विचारलं.

त्यानं सांगितली. मी आत्ता निवडली होती तीच. माझी.

स्वयंपाकघरात भाजी परतताना बाहेरच्या तंबोऱ्याची तार केसभर उतरली तर ज्या बाई तिथून ओरडायच्या, त्या बाई. "तू नसलीस तर कळलं पाहिजे" म्हणणाऱ्या बाई. त्यांच्या कानाचा दोष नाही, हे मला समजतं. कानाला फरक कळू नये अशाच हिशेबानं ती फाईल बनवलेली असते, आणि मला हेडफोन दिला असता तर मलाही कळला नसता. समजतं सगळं. पण मी फोन ठेवला आणि मला बाईंचा असा राग आला की त्या गेल्या आहेत हेही मी क्षणभर विसरले.

स्टुडिओवाला चहा मागवतो म्हणाला. मी नको म्हटलं. मग तोच म्हणाला, "ताई, बाई कुठं गप बसल्यात काय मधी? मोठा सूरच न्हाई म्हटल्यावर तुमाला झाकनार कोन?"

बाई मैफिलीत गप्प बसायच्या त्या एकाच कारणासाठी. विलंबित ख्याल रंगला की त्या थर्मासमधलं कोमट पाणी प्यायच्या, आणि तेवढा वेळ मी सूर धरून ठेवायचा. आम्ही ती जागा शोधली. या वेळी वजाबाकी न करता, जशीच्या तशी फाईल लावली. बाईंचा षड्ज संपला. त्यानंतर लगेच काही नाही. स्टुडिओवाला म्हणाला, मोठ्या आवाजानंतर कान निमिषभर बधिर असतो, तेवढ्यातलंही एमपीथ्री पुसून टाकते. आणि मग मी आले.

अख्खी आले. पंचम, त्यावर रेंगाळून खाली येणं, एक छोटी मींड. श्वाससुद्धा स्वच्छ. बुडबुडे नाहीत, चिंध्या नाहीत. मशीननं मला काही केलं नव्हतं.

आणि तरी तो आवाज अर्धाच होता. गळा आवळून, तोंड पुरतं न उघडता, कुणाच्या घरात पाय न वाजवता चालावं तसं गाणं. पुढे बसलेल्या बाई गप्प आहेत, सभागृह माझं आहे, आणि मी झाकून घेऊन गाते आहे! स्टुडिओवाल्यानं आवाज वाढवून दिला. वाढवल्यावर तेच दबलेलं गाणं मोठ्यानं ऐकू आलं. मी रडले, आणि रडताना मला स्वतःचीच चीड आली.

त्यानं तेवढा तुकडा कापला आणि पेन ड्राइव्हवर टाकला. घरी येऊन बघितलं तर फाईलला नाव दिलं होतं, "बाई पाणी पिताना." मी ते बदललं नाही. बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिची आई आल्या. मी फोनवर तो तुकडा लावून आईच्या हातात दिला. तिनं फोन कानाजवळ धरला, मान डोलवली, तुकडा संपेपर्यंत भक्तिभावानं ऐकला. मग फोन माझ्याकडे करत म्हणाली, "छान वाटतंय की म्याडम. पन तुमचं गाणं कवा चालू हुतंय?"

मी फोन पालथा ठेवला आणि पेटीचा भाता उघडला. मुलीला म्हटलं, सा लाव. मोठ्यानं लाव, रस्त्यावर ऐकू जाऊ दे.