डावीकडे कललेली मान

गल्लीतल्या बोर्डवाल्याला सगळे रेघोट्या म्हणायचे. पोरवयात त्यानं एकही भिंत कोरी सोडली नव्हती. पुढं ब्रश सुटला आणि स्टिकर कापायचं यंत्र आलं, तरी नाव काही सुटलं नाही.

थोरल्या बहिणीनं शिवणकामाचं दुकान थाटलं, तेव्हा ती फोनवर एआयला शब्दांत सांगून बनवलेलं चित्र घेऊन आली. मशीनवर वाकलेली बाई, सोनेरी उजेड, मऊ सावल्या.

"हेच बोर्डावर पाहिजे. आणि कपड्याच्या चिठ्ठीवरही."

यंत्राला कापता यावं म्हणून रेघोट्यानं संगणकाकडून चित्राच्या आपोआप रेघा काढून घेतल्या. प्रत्येक छटेचा वेगळा तुकडा झाला, बाईच्या गालावरच शंभर चकत्या. यंत्राचं पातं त्यातून फिरलं आणि स्टिकरचा भुगा झाला.

"ताई, हिला देवी आल्यात गं!"

"मग कर की औषध."

त्यानं एआयला स्वतःच नवी मागणी लिहिली: मशीनवर बसलेली बाई, सपाट आकार, एकच रंग, जाड रेषा, सावली नको, छटा नको, मागं कोरं पांढरं, अक्षरं नकोत. दुकानाचं नाव तो नंतर वेगळं बसवणार होता, कारण चित्रातली अक्षरं हमखास बोबडी येतात. यावेळी चित्र स्वच्छ आलं. रेघा काढल्या तर त्यांना वळवणारे ठिपके मोजकेच, गोलाई लोण्यासारखी. हत्तीएवढं करा नाहीतर बोटाच्या पेराएवढं, कड फाटायची नाही.

"जुनं पुसून टाक, कापायच्या कामाचं नाही ते," तो म्हणाला आणि आपल्याकडचंही पुसलं. भावाच्या शब्दाखातर ताईनंही पुसलं. चित्र तेच आहे, फक्त साफ केलंय, असं तिला वाटलं.

बोर्ड चढला. येणारेजाणारे वाखाणत होते. ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हिची मान सरळ आहे."

"मग?"

"आई डावीकडं मान टाकून शिवायची. पहिल्या चित्रात तसंच आलं होतं, अगदी अवचित. तुला दिसलं नाही?"

त्याला खरंच दिसलं नव्हतं. तो कडा बघत बसला होता. मशीनवर बसलेल्या आईचा एकही फोटो घरात नव्हता.

ताईनं पहिल्या चित्रासाठी लिहिलेले शब्द त्यानं जसेच्या तसे पुन्हा घातले. बाया आल्या, ढिगानं आल्या, पण ती मान काही आली नाही. मान डावीकडं कलती म्हणून सांगितलं, तर मोडल्यासारखी कलली. ते पहिलं चित्र खाली अंथरून, वरून हातानं रेघ ओढली असती तर चार वळणांत मान धरता आली असती. भिंती रंगवणाऱ्याला ते काय जड होतं? पण खाली अंथरायलाच आता काही नव्हतं.

"नवीन करून देतो, ताई."

"राहू दे. बाई चांगली आहे. दुसऱ्या कुणाची तरी आई असेल."

आता गिऱ्हाइकाचं चित्र कितीही गचाळ असो, तो पुसू देत नाही. ताईच्या दुकानाकडं मात्र तो मागच्या बोळातून जातो. तिकडून बोर्ड दिसत नाही.