लाकडी पासपर्यंतच्या पायऱ्या

शांत मूल हे घरच्या संस्कारांचं फळ असतं, असं मी जवळपास पाच महिने मनापासून मानत होतो. माझ्या मुलीला शाळेच्या पहिल्याच तिमाहीत 'सर्वात शिस्तबद्ध विद्यार्थिनी' असं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते मी फ्रेम करून घेतलं. शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात एक शब्दही उच्चारलेला नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही.

आम्ही लखनौला आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी एका संशोधन संस्थेत आहे आणि बायको विद्यापीठात शिकवते. घरी मराठी, घराबाहेर हिंदी. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, यूकेजीत. घरी ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागते. तिला गप्प करणं हे संध्याकाळचं एक कामच असतं.

पेरेंट्स मीटिंगला वर्गाच्या मॅम म्हणाल्या, "बहुत तमीज़दार बच्ची है, सर. आवाज़ ही नहीं."

मी नम्रपणे हसलो. या शहरात लहान मुलाला 'आप' म्हणतात, त्यामुळे गप्प मूल इथे तमीज़दार, म्हणजे संस्कारी, ठरतं. मलाही ते सोयीचं वाटलं.

मग तिला लघवीचं इन्फेक्शन झालं. औषध झालं, तीन आठवड्यांनी पुन्हा झालं. दुसऱ्या वेळी मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, "स्कूल में पानी पीती है?"

तेव्हा लक्षात आलं, की तिची बाटली रोज भरलेली घरी येत होती. कामवाली दीदी ती रोज मोरीत ओतून टाकायची. वर्गात फळ्याशेजारी खिळ्यावर एक लाकडी पट्टी लटकलेली असते. तो टॉयलेट पास. तो घ्यायचा तर मॅमना तोंडाने विचारावं लागतं. मुलीने साधा हिशेब केला होता: विचारता येत नाही, तर प्यायचंच नाही. सकाळी आठ ते दुपारी दीड.

डॉक्टरांनी आम्हाला मुलांच्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. मध्ये नातेवाइकांनी फोनवरून मोफत सल्ले दिले. "लाडावलीय." "हट्टी आहे, तुझ्यावर गेलीय." एका मामांनी विचारलं, "दोन भाषांमुळे मेंदू गोंधळला नसेल ना?" मामांचा स्वतःचा मेंदू एकाच भाषेत गोंधळलेला आहे, पण ते असो.

मानसशास्त्रज्ञ बाईंची खोली लहान होती आणि पंखा आवाज करायचा. त्यांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. जमिनीवर बसून ठोकळे लावत त्या हळू आवाजात नुसतं बोलत राहिल्या, "ये वाला लाल है... अच्छा, आपने ऊपर रख दिया..." आमच्याकडून मात्र त्यांनी सगळं काढून घेतलं. कुणाशी बोलते, कुठे बोलते, किती मोठ्याने, तिथे तिसरं कुणी आलं तर काय होतं. कानांची तपासणी करून घेतली. घरचे व्हिडिओ मागितले.

मी जूनमधला एक दाखवला. दिवाणखान्यात बाहुल्यांना आंबे विकताना ती ओरडतेय, "दशहरी ले लो! मलिहाबादी है, मीठा न निकले तो पैसे वापस!" समोर ग्राहक म्हणून बसलेल्या दीदीशी ती दोन मिनिटं भाव करते. स्वच्छ लखनवी हिंदीत.

"भाषा तो आती है," बाई म्हणाल्या. मग शांतपणे समजावलं. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हा भीतीचा प्रकार आहे. ती बोलायचं नाही असं ठरवत नाही. काही ठिकाणी, काही माणसांसमोर तिचा आवाज अडकतो. शाळेचा पहिला महिना कुठलंही मूल गप्प राहू शकतं, तो धरत नाहीत. नव्या भाषेत आलेलं मूलही काही काळ फक्त ऐकतं. पण हिला भाषा येते, ऐकू येतं, घरी इतर मुलांसारखीच खेळते, आणि शाळेतलं हे गप्प राहणं कितीतरी महिन्यांचं आहे.

"और आप," त्या माझ्याकडे वळल्या, "उसकी तरफ से बहुत जल्दी जवाब देते हैं."

मी ताबडतोब म्हणालो, "नाही, म्हणजे..." बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

प्रिन्सिपल मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या मागे भिंतीवर ट्रॉफ्यांची तीन कपाटं होती. "अगले महीने कम्युनिकेशन वीक है. स्टेज पर खड़ा कर देंगे, डर अपने आप निकल जाएगा."

"मॅडम, उससे बढ़ जाएगा," बायको म्हणाली. विद्यापीठात असल्याने तिला वरिष्ठांना शांतपणे नाही म्हणायचा सराव आहे.

पहिलं काम पाण्याचं होतं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी शाळेला लिहून दिलं, की विचारायला लावू नका. मॅम तिला ठरलेल्या दोन वेळांना, शेजारच्या बाकावरच्या मुलीबरोबर, पास हातात देऊन पाठवायच्या. इशाऱ्यासाठी एक कार्डही दिलं होतं, पण ते उचलणंसुद्धा तिला पहिले कित्येक आठवडे जमलं नाही. बाटली मात्र अर्धी रिकामी येऊ लागली. आता पुढची पायरी म्हणजे तिने स्वतः विचारणं. आम्ही सगळे त्यासाठी कामाला लागलो.

ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी साडेसातला तिच्या रिकाम्या वर्गात जायचो. संस्थेत मी कधी येतो हे कुणी विचारत नाही, ही शास्त्राची एक सोय आहे. दार बंद, आम्ही दोघंच, सापशिडी. पहिले दोन दिवस ती कुजबुजली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तू चीटिंग करतोयस," आणि त्या वर्गात तिचा नेहमीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. भिंतीवरचे प्राणी आणि बाराखडी सोडून साक्षीला कुणी नव्हतं.

मग दार थोडं उघडं. मग मॅम बाहेर व्हरांड्यात. मग दारात, पाठ करून, वह्या चाळत. मग वर्गातच, पण लांबच्या टेबलाशी. प्रत्येक पायरी दोनचार दिवस, आणि मुलगी गप्प झाली तर गुपचूप एक पायरी खाली. मॅमना तीन नियम दिले होते: तोंडाकडे बघायचं नाही, सुरुवातीला प्रश्न नाही, आणि ती बोलली तर टाळ्या नाहीत. हा तिसरा नियम मॅमना सर्वात जड गेला. बालवाडीच्या बाईंना टाळ्या वाजवू नका म्हणणं म्हणजे हलवायाला साखर बंद करण्यासारखं. पण त्यांनी पाळला. पुढे त्या खेळात बसल्या, नुसतं फासे टाकायला. मग पहिला प्रश्न, तोही निवडायचा, "हो की नाही"चा नव्हे. कारण त्याला नुसती मान हलवून भागतं.

"मेरी गोटी लाल या नीली?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत त्या टेबलाखाली बोटांवर पाचपर्यंत मोजू लागल्या. मला ती बोटं दिसत होती. चौथ्या बोटाला मुलगी म्हणाली, "नीली." मॅमनी सोंगटी उचलली, "ठीक है, नीली," आणि फासे टाकले. त्यांचे डोळे भरले होते, पण नियम डोळ्यांबद्दल काही बोलत नव्हता.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला एकच गोष्ट तीनदा बजावली होती. एका वेळी एकच बदल. माणूस बदला, किंवा जागा, किंवा काम. दोन गोष्टी एकदम कधी नाही. मी मोठेपणाने मान डोलावली होती. गेली पंधरा वर्षं मी दर सोमवारी संशोधक विद्यार्थ्यांना हेच सांगतो, आणि दर सोमवारी कुणा ना कुणाचा प्रयोग याच कारणावरून परत पाठवतो.

नोव्हेंबरात प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "सर, प्रोग्रेस मैं भी देखना चाहूँगी. दस मिनट." मला वाटलं, चाललंय तर उत्तम. खरं सांगायचं तर मला ते कुणाला तरी दाखवायचं होतं. मी हो म्हणालो. त्या दिवशी वर्गात झाडलोट चालू होती म्हणून सापशिडी लायब्ररीत मांडली. नवी जागा, नवा माणूस, आणि मॅडमच्या हातात फोन, कारण त्यांना ट्रस्टींना दाखवायला एक छोटा व्हिडिओ हवा होता.

मुलीने हात मांडीवर ठेवले. चेहरा पाटीसारखा झाला. दहा मिनिटं मी एकटाच फासे टाकत राहिलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तबीयत तो ठीक है न?" मी घाईघाईने उत्तर दिलं, "हाँ हाँ, ठीक है," म्हणजे तीही चूक मी पुन्हा केली.

घरी बायको म्हणाली, "अरे, तीन व्हेरिएबल्स. एकदम तीन."

"माहितीये."

"तुझ्या विद्यार्थ्यांना सांगू का?"

पुढचे तीन आठवडे आम्ही पुन्हा बंद दाराआड, दोघंच. मुलगी कुजबुजसुद्धा करेना. बाटली पुन्हा भरलेली येऊ लागली. बायको रोज ती उघडून बघायची आणि ओतून द्यायची. मी सापशिडीचे फासे टाकायचो आणि दोघांच्याही सोंगट्या मीच हलवायचो. बाहेर धुकं, हीटर नाही, आणि आठला मी संस्थेत जायचो तेव्हाच दिवसभराचं काम झाल्यासारखं वाटायचं. डिसेंबरच्या मध्यावर एकदा मी सोंगटी चुकीच्या घरात ठेवली.

"तिथे साप आहे," ती म्हणाली.

मी सोंगटी सापाच्या तोंडात दिली आणि काहीही झालं नाही असं दाखवलं. मग फासे तिच्याकडे सरकवले.

जानेवारीत शाळा थंडीमुळे बराच काळ बंद राहिली. नंतर आम्ही एकेक पायरी पुन्हा चढलो. मॅम, मग मी दाराबाहेर, मग मी नाहीच. मग शेजारच्या बाकावरची मुलगी खेळात. मग आणखी एक. मग वर्ग भरलेला असताना कोपऱ्यात मॅमच्या कानाजवळ एक शब्द. पासचा सराव त्यांनी रिकाम्या वर्गात खेळातच करून घेतला होता: "मॅम, मैं टॉयलेट जाऊँ?" कधी बाहुली विचारायची, कधी मॅम, कधी ती.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मी तिला न्यायला गेलो तेव्हा मॅम गेटपाशी माझी वाट बघत होत्या. चेहरा उतरलेला.

"सर, आज उसने पूछा. अपने आप. पूरी क्लास के सामने, खड़े होकर. सबने सुना."

"मग?"

"मुझसे गड़बड़ हो गई. आदत से मुँह से निकल गया, बेटा रुको, पास बाहर गया है. फिर मेरे तो हाथ-पैर ठंडे पड़ गए. सोचा, पाँच महीने की मेहनत गई."

"मग ती?"

"बोली, 'अच्छा.' और बैठ गई."

पास परत यायला चार मिनिटं लागली, मग तिचा नंबर लागला. वर्गात मुलं चाळीस आहेत आणि पास एकच आहे.